बंद केलेला छोटा व्यवसाय कव्हर नोटमध्ये कसा मांडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील मध्यम आकाराच्या कंपन्यांसाठी भरतीचे काम करताना, स्वतःचे दुकान, एजन्सी किंवा फ्रीलान्स काम थांबवून पुन्हा नोकरीकडे वळणाऱ्या उमेदवारांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. चर्चा रिझ्युमेसोबत जाणाऱ्या छोट्या नोटपुरती आहे. मुलाखत आणि कागदपत्रांची पडताळणी यांचा विषय नोटमधील मजकुराशी जेथे जोडला जातो, तेवढाच घेतला आहे.

१. रिझ्युमेमध्ये व्यवसायाची नोंद आहेच. मग नोटमध्ये तो वेगळा सांगण्याची गरज आहे का?

व्यवसाय हे तुमचे सर्वांत अलीकडचे काम असेल, तर गरज आहे. रिझ्युमे वाचणाऱ्याची नजर आधी सर्वांत वरच्या नोंदीवर जाते आणि तेथे 'प्रोप्रायटर' हा शब्द दिसला की त्याच्या मनात तीन शंका येतात. हा व्यवसाय अजून चालू आहे का? इतकी वर्षे स्वतःच्या मर्जीने काम केलेला माणूस वरिष्ठांच्या हाताखाली टिकेल का? आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा स्वतःचे काम सुरू करून निघून तर जाणार नाही ना? या शंका तो तुम्हाला फोन करून विचारत नाही, कारण त्याच्यापुढे त्याच पदासाठी आलेले इतर अर्ज असतात आणि त्यांतील बहुतेकांबद्दल अशी शंकाच उद्भवत नाही. म्हणून शंका येण्याच्या जागीच तिचे उत्तर मिळावे लागते, आणि ती जागा म्हणजे नोट.

व्यवसाय बराच जुना असेल आणि त्यानंतर तुम्ही सलग काही वर्षे नोकरी केली असेल, तर रिझ्युमेमधील एक ओळ पुरे. नोटमध्ये तो विषय काढू नये.

२. नोट किती मोठी असावी आणि त्यात व्यवसायाला किती जागा द्यावी?

ईमेलच्या मजकुरातच लिहिलेली, मोबाइलच्या पडद्यावर फार न सरकवता वाचता येईल अशी, साधारण १२० ते १५० शब्दांची नोट योग्य असते. त्यातील तीन, फार तर चार वाक्ये व्यवसायाबद्दल असावीत. सुरुवात मात्र व्यवसायापासून करू नये. पहिले वाक्य पद कोणते आणि त्या पदाला लागणारे तुमच्याकडचे काम कोणते, याबद्दल असावे. खुलाशाने सुरू होणारी नोट वाचणाऱ्याला आधी अडचण दाखवते आणि नंतर माणूस. हा क्रम तुमच्या हिताचा नाही.

३. नोट मराठीत लिहावी की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत असेल, त्या भाषेत. मुंबईतील खासगी कंपन्यांच्या बाबतीत ती बहुधा इंग्रजी असते. तरीही व्यवसायाबद्दलची तीन वाक्ये आधी मराठीत लिहून पाहावीत, असे मी आग्रहाने सांगते. आपल्या भाषेत लिहिताना नेमके काय घडले ते सरळ उतरते. थेट इंग्रजीत लिहायला बसले की इंटरनेटवरून उचललेली मोठमोठी विशेषणे येतात आणि घडलेली गोष्ट मागे राहते. पुढील नमुने मराठीत आहेत ते याच कारणाने.

४. एखादा पूर्ण नमुना दाखवाल का?

पुढचे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण अशा नोटा नेहमी वाचायला मिळतात. समजा, एका गृहस्थांनी प्रिंटर आणि कॉपियर विकणाऱ्या वितरकाकडे सहा वर्षे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून काम केले. जुलै २०१८ मध्ये त्यांनी साकीनाक्याला भाड्याचा गाळा घेऊन स्वतःचे दुरुस्ती आणि टोनर रिफिलिंगचे काम सुरू केले. अंधेरी आणि पवईतील कार्यालयांशी त्यांचे वार्षिक देखभालीचे करार होते आणि हाताखाली दोन तंत्रज्ञ होते. लॉकडाउननंतर अनेक कार्यालयांनी जागा कमी केल्या, छपाई घटली, करारांचे नूतनीकरण होईना, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी काम बंद केले. आता ते महापे येथील एका कंपनीत सर्व्हिस को-ऑर्डिनेटरच्या पदासाठी अर्ज करत आहेत. त्यांचा पहिला मसुदा असा होता:

"कोविडच्या अभूतपूर्व संकटामुळे आणि काही अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे मला माझा यशस्वी व्यवसाय नाइलाजाने बंद करावा लागला. पाच वर्षे मी एकहाती सर्व विभाग सांभाळले आहेत. आता मी कोणतीही जबाबदारी आणि कोणताही पगार स्वीकारण्यास तयार आहे. कृपया एक संधी द्यावी."

यात एकही गोष्ट तपासता येत नाही. 'यशस्वी' आणि 'नाइलाजाने बंद' हे शब्द एकमेकांना खोडतात. 'वैयक्तिक कारणे' म्हटल्याबरोबर वाचणारा आजारपण, भांडण किंवा कर्ज यांपैकी काहीतरी मनात धरतो. 'कोणतीही जबाबदारी' याचा अर्थ त्याच्या लेखी असा होतो की या माणसाने जाहिरात वाचलेलीच नाही. काम बंद झाले २०२३ मध्ये आणि कारण दिले आहे २०२० चे, त्यामुळे मधल्या तीन वर्षांचे काय, हा नवाच प्रश्न उभा राहतो. दुरुस्त केलेली नोट अशी झाली:

"आपल्या महापे कार्यालयातील सर्व्हिस को-ऑर्डिनेटरच्या पदासाठी अर्ज करत आहे. प्रिंटर आणि कॉपियरच्या सेवेतील माझा अनुभव अकरा वर्षांचा आहे: सहा वर्षे वितरकाकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून आणि त्यानंतरची पाच वर्षे स्वतःच्या व्यवसायात.

जुलै २०१८ ते सप्टेंबर २०२३ या काळात साकीनाका येथे माझा प्रिंटर देखभालीचा व्यवसाय होता. अंधेरी-पवई भागातील २२ कार्यालयांचे वार्षिक करार, दोन तंत्रज्ञांचे रोजचे वेळापत्रक आणि सुट्या भागांचा साठा मी पाहत असे. २०२१ नंतर कार्यालयांतील छपाई कमी झाली आणि करारांचे नूतनीकरण घटले, म्हणून उरलेल्या करारांची मुदत पूर्ण करून मी व्यवसाय बंद केला. जीएसटी नोंदणीही रद्द झाली आहे. तंत्रज्ञांचे नियोजन आणि ग्राहकांच्या तक्रारी वेळेत सोडवणे हेच काम आता मोठ्या यंत्रणेत पूर्ण वेळ करण्याची माझी इच्छा आहे.

रिझ्युमे सोबत जोडला आहे. मी लगेच रुजू होऊ शकतो."

दुसऱ्या परिच्छेदातील प्रत्येक वाक्याला एक नेमून दिलेले काम आहे. पहिले वाक्य काय, कोठे आणि कधी ते सांगते. दुसरे वाक्य पाच वर्षांतील फक्त तेवढेच काम उचलते, जे को-ऑर्डिनेटरला करावे लागते. विक्री, हिशेब, गाळ्याचे भाडे, बँकेची कामे हे सगळे त्यांनी केलेच होते, पण त्याचा येथे उपयोग नाही. तिसऱ्या वाक्यात एकच कारण आहे, ते काळाशी जुळते, आणि लगेच पुढे 'मुदत पूर्ण करून' हे शब्द येतात. भरतीचे काम करणारी व्यक्ती म्हणून माझी नजर सर्वांत जास्त थांबते ती याच शब्दांवर. ग्राहकांना वाऱ्यावर न सोडता काम गुंडाळणारा माणूस नोकरी सोडतानाही हातातले काम नीट सोपवून जाईल, असा विश्वास त्यातून वाटतो. चौथे वाक्य व्यवसाय अजून चालू आहे का या शंकेला उत्तर देते आणि पाचवे परत जाण्याच्या शंकेला, तेही 'मी पुन्हा व्यवसाय करणार नाही' असे वचन न देता.

५. व्यवसाय का बंद केला, हे किती सांगावे?

एक कारण, एका वाक्यात, आणि ते ज्या वर्षी व्यवसाय बंद झाला त्या वर्षाला लागू पडणारे असावे. मुंबईत खरी कारणे बहुधा साधी असतात. लिव्ह अँड लायसन्स करार संपला आणि नव्या करारात भाडे परवडेना. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि त्या भागात दुसरा गाळा मिळाला नाही. ज्या एका मोठ्या ग्राहकावर निम्मे काम अवलंबून होते, त्याने ते काम कंपनीत आत घेतले. अशी कारणे ऐकणाऱ्याला ओळखीची असतात आणि त्यांच्यावर आणखी खुलासा मागितला जात नाही.

दोन-तीन कारणे एकत्र दिली की प्रत्येकाचे वजन कमी होते. खरोखरच अनेक कारणे असली, तर ज्या कारणाने अखेरचा निर्णय झाला ते नोटमध्ये लिहावे आणि बाकीची मुलाखतीत कोणी विचारल्यास सांगावीत. आजारपण किंवा घरातील जबाबदारी हे खरे कारण असेल, तर "कुटुंबातील आजारपणामुळे व्यवसाय बंद केला, ती परिस्थिती आता संपली आहे" एवढेच पुरे. यातील दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. तो लिहिण्याजोगा नसेल, तर पहिला लिहिण्यापूर्वी विचार करावा.

६. व्यवसायात तोटा झाला आणि कर्जही राहिले. ते नोटमध्ये लिहावे का?

नाही. नोट ही शपथपत्र नाही. विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे आणि न विचारलेले न सांगणे यांत फरक आहे. 'अपेक्षित उत्पन्न टिकले नाही' असे म्हणणे खरेही आहे आणि पुरेसेही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. अर्ज बँकेत, वित्तसंस्थेत किंवा रोख रक्कम हाताळण्याच्या पदासाठी असेल, तर निवडीच्या शेवटच्या टप्प्यात उमेदवाराचा क्रेडिट अहवाल मागवला जाण्याची शक्यता असते. प्रोप्रायटरशिपमध्ये व्यवसाय आणि मालक कायद्याने वेगळे नसतात, त्यामुळे दुकानासाठी घेतलेले कर्ज तुमच्या वैयक्तिक अहवालात दिसते. तेथे 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असा शेरा असेल, तर नोटमध्ये काही लिहू नये, पण निवडीच्या प्रक्रियेत प्रश्न आला की लगेच सांगता यावे म्हणून बँकेची कागदपत्रे जवळ ठेवावीत. हप्ते नियमित चालू असतील, तर हा विषय तुमच्याकडून निघण्याचे कारण नाही.

७. पदनाम काय लिहावे? संस्थापक, सीईओ, की प्रोप्रायटर?

नोंदणीच्या कागदावर जे असेल, ते. एकट्याच्या व्यवसायात 'प्रोप्रायटर', भागीदारीत 'भागीदार', प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत 'संचालक'. तीन माणसांच्या कामाला 'सीईओ' लिहिले की वाचणारा उरलेल्या मजकुरातूनही तेवढेच वजा करून वाचू लागतो, आणि को-ऑर्डिनेटरच्या पदासाठी तुम्ही जास्त मोठे आहात, असे कारण देऊन अर्ज बाजूला ठेवणेही त्याला सोपे जाते. नोटमध्ये तर पदनामाची आवश्यकताच बहुधा पडत नाही; "माझा देखभालीचा व्यवसाय होता" या शब्दांत ते आलेले असते.

८. तारखा कोणत्या धराव्यात? दुकान एका महिन्यात बंद झाले आणि कागदोपत्री व्यवसाय नंतर बंद झाला.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण नोट लिहिताना सहज टाकलेली तारीख पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या वेळी कागदांशी ताडून पाहिली जाते. नोकरीच्या बाबतीत जुन्या कंपनीला विचारता येते. व्यवसायाच्या बाबतीत विचारायला कोणी नसते, म्हणून कागदच पाहिले जातात.

जीएसटीचेच पाहा. पोर्टलवर कोणाचाही जीएसटी क्रमांक टाकला की लॉगिन न करता त्या व्यवसायाचे नाव, तो प्रोप्रायटरशिप आहे की भागीदारी, नोंदणी कधीपासून लागू झाली आणि ती आज चालू आहे की रद्द, हे सगळे समोर येते. नोंदणी रद्द असेल, तर ती करदात्याच्या अर्जावरून रद्द झाली की अधिकाऱ्याने स्वतःहून केली, हेही तेथे दिसते. विवरणपत्रे भरणे थांबवून नोंदणी तशीच सोडून दिली, तर पुढे अधिकारी ती आपणहून रद्द करू शकतो. 'व्यवसाय रीतसर बंद केला' असे लिहिलेल्या नोटसोबत ही नोंद चांगली दिसत नाही. स्वतः अर्ज करून नोंदणी रद्द केल्यानंतर जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्रही तीन महिन्यांच्या आत भरावे लागते. ते राहिले असेल, तर अर्ज पाठवण्याआधी आपल्या सीएकडून पूर्ण करून घ्यावे.

तारखेचा नियम मी असा पाळायला सांगते: सुरुवात म्हणजे पहिले बिल ज्या महिन्यात फाडले तो महिना, आणि शेवट म्हणजे शेवटचे काम ज्या महिन्यात पूर्ण केले तो महिना. कागदोपत्री बंद होण्याची तारीख नंतरची असणे स्वाभाविक आहे. वर दिलेल्या नमुन्यात काम सप्टेंबर २०२३ मध्ये थांबले आणि नोंदणी त्यानंतर रद्द झाली, तरी कोणी हरकत घेत नाही. उलट प्रकार मात्र खटकतो. नोंदणी मार्चमध्येच रद्द झाली आणि रिझ्युमेमधला रिकामा काळ झाकण्यासाठी व्यवसाय सप्टेंबरपर्यंत ओढला, तर तो फरक कागदावर उघडा पडतो.

दुसऱ्या टोकालाही एकदा पाहून घ्यावे. व्यवसायापूर्वीच्या नोकरीत तुमचा पीएफ असेल, तर ईपीएफओच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्रीत नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे तपासावे. ती कोरी राहिली असेल, तर कागदावर तुम्ही दोन्हीकडे एकाच वेळी काम करत होता असे दिसते. शेवटचे पीएफ योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सदस्याला ही तारीख स्वतः नोंदवता येते.

९. माझ्याकडे जीएसटी नव्हता, दुकानही नव्हते. घरूनच काम करत होतो. मग काय लिहावे?

व्यवसाय लहान होता एवढाच याचा अर्थ. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे घरून भाषांतर, ग्राफिक डिझाइन, शिकवणी किंवा हिशेबलेखन करणाऱ्या अनेकांकडे ती नसतेच. दुकान असले तरी मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार फक्त सूचना द्यावी लागते. ज्याला आपण सवयीने गुमास्ता म्हणतो, त्याची पावती प्रत्येकाकडे जुन्या परवान्याच्या स्वरूपात असेलच असे नाही.

अशा वेळी आधार मिळतो तो आयकराच्या कागदांचा. त्या वर्षांचे आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरलेले असेल, तर व्यवसायाचे उत्पन्न त्यात दिसतेच. ग्राहक कंपन्यांनी तुमचे पैसे देताना टीडीएस कापला असेल, तर फॉर्म २६एएसमध्ये त्या कंपन्यांची नावे आणि रकमा वर्षवार येतात. फ्रीलान्स काम सिद्ध करायला याहून सोपा कागद नाही, कारण तो तुम्ही स्वतः तयार केलेला नसतो.

नोटमध्ये हे कागद मोजून दाखवू नयेत. "२०१९ ते २०२३ या काळात मी तीन प्रकाशन संस्थांसाठी आणि दोन जाहिरात कंपन्यांसाठी स्वतंत्रपणे मांडणीचे काम केले, त्या काळातील आयकर विवरणपत्रे उपलब्ध आहेत" हे वाक्य पुरते. ग्राहकाचे नाव लिहिण्यापूर्वी करारात गोपनीयतेची अट आहे का ते पाहावे. अट असेल तर नावाऐवजी व्यवसायाचा प्रकार लिहावा, जसा या वाक्यात लिहिला आहे.

१०. नोकरी मिळेपर्यंत जुन्या ग्राहकांची थोडी कामे करतो आहे. मग 'बंद केला' असे लिहू का?

लिहू नये. "नवे काम घेणे थांबवले आहे, हाती असलेली दोन कामे पुढील महिन्यात पूर्ण होतील" हे खरे वाक्य 'बंद केला' याच्याइतकेच चालते. वाचणाऱ्याला हवे असते ते रुजू होण्याच्या दिवशी तुमच्या डोक्यावर दुसरे काम नसेल याची खात्री. नोकरीसोबत ते काम पुढे चालू ठेवण्याचा विचार असेल, तर नोटमध्ये त्याचा उल्लेख टाळता येईल, पण नियुक्तीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील दुसऱ्या कामावर बंदी घालणारे कलम वाचून लेखी परवानगी मागावीच लागेल.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर प्रश्न थोडा वेगळा होतो. कामकाज थांबले म्हणून कंपनी संपत नाही. एसटीके-२ हा अर्ज करून तिचे नाव कंपनी निबंधकाच्या नोंदीतून काढेपर्यंत तुम्ही संचालक राहता आणि ते कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते. "कंपनीचे कामकाज मार्च २०२३ पासून थांबले असून नाव काढण्याचा अर्ज प्रक्रियेत आहे" असे नोटमध्येच लिहिलेले उत्तम, कारण बऱ्याच कंपन्या रुजू होताना इतर संचालकपदांची माहिती मागतात.

११. भागीदाराशी पटले नाही म्हणून बाहेर पडलो. फर्म अजून चालू आहे. हे कसे सांगावे?

"जून २०२३ मध्ये मी भागीदारीतून निवृत्त झालो; फर्म आता दुसरे भागीदार चालवतात." भांडणाचा एक शब्दही नको, 'मतभेद' हाही नको, कारण वाचणारा दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकू शकत नाही आणि म्हणून तो मनातल्या मनात दोघांनाही समान दोष देतो. निवृत्तीचा करारनामा झालेला असणे मात्र गरजेचे आहे. तो झाला नसेल, तर कागदावर तुम्ही अजून भागीदारच आहात आणि प्रश्न १० मधील अडचण येथेही येते.

१२. सासऱ्यांच्या दुकानात सहा वर्षे काम केले, पण पगार असा कधी घेतला नाही. याला अनुभव म्हणता येईल का?

म्हणता येईल, आणि म्हणावेच. असे अर्ज मोठ्या प्रमाणात बायकांचे असतात आणि त्यांतील बहुतेक जणी या सहा वर्षांच्या जागी 'गृहिणी' लिहून मोकळ्या होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दादरच्या साडीच्या दुकानात दिवाळीआधीची खरेदी ठरवणे, पुरवठादारांची उधारी सांभाळणे, चार विक्रेत्यांच्या सुट्ट्या बसवणे हे काम रिटेल कंपनीत पगार देऊन करून घेतात.

फक्त मालकी तुमची नव्हती हे स्पष्ट असावे. "कुटुंबाच्या साडी दुकानात २०१७ ते २०२३ या काळात खरेदी आणि साठ्याचे काम पाहिले" असे लिहावे. 'मालक' किंवा 'भागीदार' लिहू नये. पगाराच्या स्लिपा नाहीत, म्हणून दुकानाशी नाते नसलेल्या एका पुरवठादाराला किंवा दुकानाच्या सीएला संदर्भ म्हणून विचारून ठेवावे. कुटुंबातील माणसाच्या शिफारशीला पडताळणीत फारसे वजन मिळत नाही.

१३. अर्जात सध्याचा पगार विचारला आहे. व्यवसायातील उत्पन्न लिहावे का?

उलाढाल कधीही लिहू नये. ती पगाराशी तुलना करण्याजोगी नसते आणि मोठा आकडा पाहून वाचणारा घाबरतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये आकडा भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर शेवटच्या विवरणपत्रातील निव्वळ उत्पन्न भरावे, कारण पुढे तेच दाखवावे लागेल. ते फार कमी असेल, तर नोटच्या शेवटी "अपेक्षित पगार या पदाच्या आपल्या श्रेणीनुसार" असे एक वाक्य जोडावे. प्रश्न ४ मधील 'कोणताही पगार' आणि हे वाक्य यांत फरक आहे: येथे तुम्ही पदाची किंमत मान्य करता, स्वतःची कमी करत नाही.

१४. व्यवसाय बंद करून आठ महिने झाले आणि अजून नोकरी नाही. हा काळही समजावून सांगावा का?

तीन-चार महिन्यांपर्यंत काही सांगण्याची गरज नाही. व्यवसाय गुंडाळायला, उधारी वसूल करायला आणि गाळ्याची अनामत परत मिळवायला तेवढा वेळ लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून जास्त काळ असेल, तर त्यात खरोखर जे केले असेल ते अर्ध्या वाक्यात लिहावे, जसे की "त्यानंतर येणी वसूल करून व्यवसायाची देणी पूर्ण केली" किंवा एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव. काहीच केले नसेल, तर व्यवसायाची शेवटची तारीख पुढे सरकवून जागा भरू नये. का, ते प्रश्न ८ मध्ये आले आहे.

१५. ज्या कंपनीचा मी पुरवठादार होतो, तिथेच नोकरीसाठी अर्ज करतो आहे. तेथे सगळे मला ओळखतात. तरी नोट लागेल का?

लागेल, कारण तुम्हाला ओळखणारा खरेदी विभाग आणि अर्ज वाचणारा भरती विभाग वेगळे असतात. अशा नोटमध्ये पहिल्याच परिच्छेदात जुने नाते स्पष्ट करावे: "२०१९ ते २०२३ या काळात माझा व्यवसाय आपल्या कंपनीचा नोंदणीकृत पुरवठादार होता, शेवटचा पुरवठा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला असून कोणतेही येणे अथवा देणे बाकी नाही." शेवटचा भाग खरा असेल तरच लिहावा. तुमचे बिल थकलेले असेल, तर त्याची वसुली आणि नोकरीचा अर्ज एकाच पत्रात कधीही आणू नये. आधी हिशेब विभागाकडून येणे-देणे मिटल्याची लेखी नोंद घ्यावी आणि मग अर्ज करावा. खरेदी विभागातील ओळखीच्या अधिकाऱ्याचे नाव संदर्भ म्हणून द्यायचे असेल, तर आधी त्यांना विचारावे, कारण पुरवठादाराला नोकरी मिळवून दिली असा आक्षेप त्यांच्यावर येऊ शकतो आणि काही कंपन्यांत हितसंबंधांच्या नियमानुसार त्यांना तशी माहिती वरिष्ठांना द्यावी लागते.